वकिलाचे नकारपत्र : काय लिहावे, काय लिहू नये

सोमवारी एक बाई वकिलाच्या ऑफिसात येतात. घटस्फोटाचा विचार चालू आहे, नवऱ्याला अजून काही बोललेल्या नाहीत, आधी आपले हक्क समजून घ्यायचे आहेत असे सांगतात. वकील तासभर ऐकतात, सल्ला देतात, कोणते कागद जमवायचे ते सांगतात. गुरुवारी त्याच ऑफिसात फोन येतो. एका गृहस्थांना आपला फ्लॅट भावाच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यायचा आहे आणि त्यासाठी वेळ हवी आहे. कारकून नाव लिहून घेतो. सोमवारच्या बाईंचे ते यजमान.

प्रसंग कल्पित आहे, पण तालुक्याच्या गावी वकिली केलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. हे काम वकिलांना घेता येणार नाही, याबद्दल दुमत नाही. खरी अडचण पुढे आहे. नाही म्हणायचे ते काय कारण देऊन? खरे कारण सांगितले तर बाईंचे गुपित फुटते. खोटे कारण सांगितले तर वकील खोटे बोलतात. आणि कारण लिहिताना एखादा शब्द घसरला, तरी समोरचा माणूस उरलेले स्वतः जुळवू शकतो. या दोन-चार ओळींच्या पत्रामागे कोणते नियम आहेत, ते कुठे एकमेकांवर आदळतात आणि त्यातून वाट कशी निघते, याचा हा आढावा.

नियम काय म्हणतात

अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961 च्या कलम 49 खाली भारतीय विधिज्ञ परिषदेने 1975 साली नियम केले. वकिलाचे अशिलाशी वागणे कसे असावे, हे त्यांच्या सहाव्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे. आपल्या विषयाशी त्यातले मोजकेच नियम थेट भिडतात.

पहिला नियम 11. वकील ज्या न्यायालयांत काम करतो, तिथले कोणतेही काम त्याने आपल्या दर्जाला आणि प्रकरणाच्या स्वरूपाला साजेशी फी घेऊन स्वीकारले पाहिजे. म्हणजे मूळ नियम होकाराचा आहे. त्याला अपवाद एकच वाक्य देते : विशेष परिस्थितीत एखादे काम नाकारणे समर्थनीय ठरू शकते. अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणीच घ्यायचे नाही असे ठराव वकील संघ अधूनमधून करतात. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात असे ठराव बेकायदा ठरवले, त्यामागेही हेच तत्त्व होते. तेव्हा वकिलाचा नकार ही मर्जीची गोष्ट नाही. त्यामागे टिकणारे कारण असावे लागते. हितसंबंधांचा संघर्ष हे असे कारण आहे.

दुसरा नियम 33. एखाद्या दाव्याच्या, अपिलाच्या किंवा अन्य प्रकरणाच्या संदर्भात ज्या वकिलाने कधीही सल्ला दिला असेल, कागद तयार केले असतील किंवा एका पक्षासाठी काम केले असेल, त्याने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम करायचे नाही. यातला ‘सल्ला दिला असेल’ हा भाग लोकांच्या ध्यानात राहत नाही. वकीलपत्रावर सही व्हायला हवी, फी मिळायला हवी, असे नियम म्हणत नाही. आपल्या उदाहरणात सोमवारचा एक तास पुरेसा आहे.

या बाबतीत न्यायालये किती कडक असतात, हे 1983 च्या चंद्रशेखर सोनी विरुद्ध राजस्थान बार कौन्सिल या निकालात दिसते. एका पक्षाचे काम हाती असताना दुसऱ्या बाजूचे वकीलपत्र घेणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरला. सर्वोच्च न्यायालयाने निलंबनाची मुदत तीन वर्षांवरून एक वर्षावर आणली, पण दोष कायम ठेवला.

तिसरा नियम 14, आणि गुंता इथे सुरू होतो. काम घेताना आणि ते चालू असताना वकिलाने पक्षकारांशी असलेला आपला संबंध आणि वादातला आपला हितसंबंध अशिलाला पूर्ण आणि मोकळेपणाने सांगितला पाहिजे, म्हणजे हा वकील ठेवायचा की नाही ते त्याला ठरवता येईल. नियम 14 म्हणतो, सांगा. त्याच्या शेजारी नियम 17 उभा आहे आणि तो म्हणतो, सांगू नका. अशील आणि वकील यांच्यातल्या गोपनीयतेचे बंधन त्याने मोडायचे नाही. हे बंधन पूर्वी 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 126 मध्ये होते. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. अशिलाने सांगितलेली गोष्ट, त्याने दाखवलेल्या कागदातला मजकूर आणि त्याला दिलेला सल्ला, या तिन्ही गोष्टी त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाहीत. काम संपले तरी हे बंधन संपत नाही. बेकायदा हेतूने केलेला संवाद त्यातून वगळला आहे, पण आपल्या उदाहरणात तसे काही नाही. हेच बंधन वकिलाच्या कारकुनाला आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे.

मग ‘सांगा’ आणि ‘सांगू नका’ यांतले वरचढ कोण? उत्तर नियम 14 च्या शब्दांतच दडलेले आहे. तो काम घेणाऱ्या वकिलाला बोलायला लावतो. ज्याने काम घेतलेच नाही, त्याच्यावर खुलाशाचे ओझे नाही. जिथे पूर्ण खुलासा करता येत नाही, तिथे काम घेता येत नाही, आणि काम नाकारले की खुलाशाची गरजही संपते. दोन्ही नियम पाळायची वाट नकारातूनच जाते.

चार वाईट पत्रे

आता गुरुवारच्या गृहस्थांकडे वळू. त्यांना उत्तर द्यायचे आहे. सुचण्यासारखे पहिले पत्र असे : ‘आपल्या पत्नीने याआधी माझा सल्ला घेतल्यामुळे आपले काम स्वीकारणे मला शक्य नाही.’ हे प्रामाणिक आहे आणि घातकही. सल्ला काय दिला ते यात नाही हे खरे. कायद्याचे शब्दही संवाद, कागद आणि सल्ला यांबद्दल बोलतात, ऑफिसात कोण आले याचा वेगळा उल्लेख करत नाहीत. पण विवाहित बाई नवऱ्याला न सांगता वकिलाकडे गेली होती एवढे कळले की कशासाठी गेली, हे ओळखायला कोणाला वकील लागत नाही. इथे येणे हेच गुपित आहे. नुकसानही कागदावरचे राहत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 खाली सामायिक घर विकायला किंवा दुसऱ्याच्या नावे करायला मनाई करणारा आदेश बाईंना मागता येतो. यजमानांना आधीच सुगावा लागला, तर ते दुसऱ्या दिवशीच दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बक्षीसपत्र नोंदवून मोकळे होतील.

दुसरे पत्र जास्त सावध दिसते : ‘हितसंबंधांच्या संघर्षामुळे आपले काम घेता येत नाही.’ यात कोणाचे नाव नाही. मुंबईत मोठ्या फर्मने एखाद्या कंपनीला असे लिहिले, तर समोरच्याला पन्नास शक्यता दिसतील. पण फ्लॅट एक, भाऊ एक आणि बायको एक असलेल्या माणसाला संघर्ष कोणाशी असू शकतो? भाऊ तर बक्षीस घेणारा. शक्यता दोन-तीनच उरल्या की ‘संघर्ष’ हा शब्द नाव सांगितल्यासारखाच असतो. हाच शब्द एका पत्रात निरुपद्रवी असतो आणि दुसऱ्यात चुगली करतो. वाचणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे, त्यावर ते ठरते. म्हणून पत्र पाठवण्यापूर्वी ते समोरच्याच्या जागी बसून वाचायचे आणि त्याच्या माहितीत हे पत्र मिळवले तर बेरीज काय येते ते पाहायचे.

तिसरे पत्र शिष्टाचाराचे : ‘सध्या कामाचा खूप ताण असल्याने...’ हे खोटे आहे, आणि खोट्याला पुढचा प्रश्न येतो. गृहस्थ म्हणतात, काही घाई नाही, पुढच्या महिन्यात येतो. मग? दोन महिन्यांनी याच वकिलांनी बाईंच्या वतीने अर्ज दाखल केला, की ते पत्र न्यायालयात त्यांच्याविरुद्ध दाखवले जाईल. फी अवाच्या सवा सांगून माणसाला परस्पर घालवायची जुनी युक्तीही याच जातीची. कधीतरी समोरचा ती फी कबूल करतो आणि वकील तोंडघशी पडतात.

चौथे पत्र मदतीच्या भावनेतून लिहिले जाते : ‘मला हे काम घेता येत नाही, पण बक्षीसपत्र करण्यापूर्वी घाई करू नका, नीट विचार करा.’ हा सल्ला झाला, तोही बाईंच्या हिताचा आणि यजमानांना त्यांच्या नकळत दिलेला. नकाराच्या पत्रात प्रकरणाच्या गुणदोषांबद्दल एक शब्दही नको. तो शब्द एकतर एका अशिलाचे गुपित वापरतो, नाहीतर दुसऱ्याला अशील करून टाकतो.

चांगले पत्र

मग काय लिहायचे? माझ्या मते असे :

*सप्रेम नमस्कार. आपण दि. ... रोजी फोन करून एका कामासाठी भेटीची वेळ मागितली होती. हे काम स्वीकारणे मला शक्य नाही. कोणतेही काम नाकारताना कारण कळवायचे नाही, ही या ऑफिसची सर्वांसाठीची पद्धत आहे. या नकारावरून आपल्या कामाबद्दल बरावाईट कोणताही अर्थ कृपया काढू नये. मी आपला वकील म्हणून कोणतेही काम हाती घेतलेले नाही आणि आपल्याला कोणताही सल्ला दिलेला नाही. कायदेशीर कामांना अनेकदा मुदत असते, ती उलटल्यास हक्क जाऊ शकतो. तरी आपण विनाविलंब दुसऱ्या वकिलांचा सल्ला घ्यावा. आपल्याकडून कोणतेही कागद किंवा रक्कम माझ्याकडे आलेली नाही.*

या पत्राचा सगळा भार कारण न कळवण्याच्या वाक्यावर आहे, आणि ते खरे असेल तरच पत्र खरे ठरते. एरवी हे वकील नकाराची कारणे मोकळेपणाने सांगत असतील आणि फक्त अडचणीच्या वेळी ‘आमची पद्धत’ पुढे करत असतील, तर त्यांचे मौनच बोलके होते. गावात कळते, की वकीलसाहेब कारण सांगत नाहीत म्हणजे समोरची पार्टी आधी येऊन गेली. म्हणून साध्यातल्या साध्या नकारालाही हेच पत्र जायला हवे. फौजदारी कामे घेत नाही म्हणून नाकारले, तरी हेच. रोज वापरातल्या कुलपाकडे कोणी संशयाने पाहत नाही.

याला एक अपवाद करता येतो. बँकेच्या पॅनेलवरचे वकील घ्या. त्यांनी बँकेसाठी मिळकतीचा सर्च रिपोर्ट दिला, पुढे कर्ज थकले आणि सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) ची साठ दिवसांची नोटीस त्यांच्याच सहीने गेली. कर्जदार ती नोटीस हातात घेऊन चुकून त्यांच्याच दारात आला, तर ‘नोटिशीवर माझीच सही आहे, मी बँकेचा वकील आहे’ असे सांगण्यात लपवण्यासारखे काही नाही. कारण कर्जदाराच्याच हातात आहे. पण त्यापुढे बोलणे थांबले पाहिजे. सर्च रिपोर्टमध्ये काय सापडले, गहाणखत पक्के आहे की कच्चे, बँक तडजोडीला तयार आहे का, यातली कोणतीही गोष्ट त्या सहीमुळे सार्वजनिक होत नाही.

मुदत आणि कागद

पत्रातली मुदतीची ओळ पुष्कळांना शोभेची वाटते. प्रत्यक्षात अशिलाचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते. माणूस कागद देऊन जातो आणि वकिलांनी काम घेतले असे समजून निर्धास्त बसतो. वकील संघर्ष आहे का ते पाहू म्हणून फाईल बाजूला ठेवतात. तीन आठवडे जातात. सरफेसीत बँकेने कलम 13(4) खाली ताबा घेण्यासारखी कारवाई केली की कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायला कर्जदाराला 45 दिवस असतात. दिवाणी दाव्यात समन्स लागल्यापासून कैफियत देण्याची मुदत 30 दिवस आहे आणि ती 90 दिवसांपर्यंत वाढू शकते. व्यापारी दाव्यात 120 दिवसांची मर्यादा ओलांडली की कैफियत देण्याचा हक्कच जातो. यातले तीन आठवडे गेले, तर दुसऱ्या वकिलाला मिळणारा वेळ तेवढा कमी होतो. म्हणून नकार शक्यतो त्याच दिवशी आणि लेखी जावा. तोंडी नकार नंतर कोणालाच आठवत नाही.

मुदत किती, हे मात्र पत्रात लिहू नये, असे मला वाटते. ती तारीख काढायची तर प्रकरण वाचावे लागते, आणि वाचले की सल्ला झाला. शिवाय काढलेली तारीख चुकली तर जबाबदारी येते. मुदत असू शकते, ताबडतोब दुसरीकडे जा, एवढे पुरे. एकच स्थिती वेगळी : समन्सवर पुढची तारीख ठळक छापलेली आहे आणि ती परवाची आहे. तेव्हा ‘कागदावर अमुक तारीख दिसते’ एवढे दाखवून देणे हा माणुसकीचा भाग आहे. ते वाचून दाखवणे आहे, त्यात मत नाही.

कागद आले असतील तर सगळे परत जातात, झेरॉक्ससुद्धा ठेवायची नाही, आणि पोच घ्यायची. फीसाठीसुद्धा वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 साली स्पष्ट केले आहे. जिथे फीच नाही, तिथे कागद ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

उशिरा लक्षात आले तर

आपल्या उदाहरणात कारकुनाने फोनवर नाव विचारले म्हणून निभावले. समजा त्याने ‘या’ म्हटले असते आणि गृहस्थ वकिलांसमोर बसून सांगू लागले असते : फ्लॅट भावाच्या नावे करायचा कारण बायकोचे लक्षण ठीक दिसत नाही. आता वकिलांच्या डोक्यात दोन गुपिते आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. बाईंच्या हितासाठी काम करायचे तर त्यांना ताबडतोब सावध करायला हवे. पण ही माहिती एका माणसाने वकिलावर विश्वास टाकून सांगितली आहे, आणि नियम 24 अशा विश्वासाचा गैरफायदा घेऊ देत नाही. अशा वेळी बहुधा दोघांनाही सोडावे लागते. सोमवारी तासभर मन मोकळे केलेल्या बाईंना पुन्हा दुसरा वकील शोधावा लागतो, आणि त्यांनाही कारण सांगता येत नाही.

म्हणून आधी नावे, मग हकीगत, हा क्रम महत्त्वाचा. ऑफिसात नोंदवही हवी आणि तीत केवळ अशिलाचे नाही, समोरच्याचेही नाव हवे. नुसता सल्ला घेऊन गेलेल्यांचीही नोंद हवी. आपल्याकडे या नोंदवहीला एक खास खोट असते. बाईंचे माहेरचे नाव, सासरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव वेगळे असते. सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाखाली दहा वारस असतात. भागीदारी फर्म एका नावाची आणि भागीदार भलतेच असतात. नुसते आडनाव ताडून पाहणारा कारकून अशा जागी चुकतो. फोनवर तीन प्रश्न पुरतात : तुमचे पूर्ण नाव, समोरच्याचे पूर्ण नाव, मिळकत कुठली. चौथ्या प्रश्नाआधी वही उघडायची.

काम घेतल्यानंतर संघर्ष उपटला, तर नुसते पत्र पुरत नाही. नियम 12 प्रमाणे पुरेसे कारण आणि वाजवी अवधीची सूचना लागते, न केलेल्या कामाची फी परत करावी लागते, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3, नियम 4 खाली न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. तिथेही अर्जात ‘व्यावसायिक कारणास्तव’ यापलीकडे जायचे नाही. तो अर्ज विरुद्ध पक्षही वाचणार असतो.

नियम जिथे थांबतात

आपल्या नियमांत दोन मोकळ्या जागा आहेत. नियम 33 त्याच प्रकरणातल्या विरुद्ध पक्षाबद्दल बोलतो. जुन्या अशिलाविरुद्ध अगदी वेगळे काम आले तर काय, हे तो सांगत नाही. आणि तो ‘एका वकिलाबद्दल’ बोलतो. त्याच चेंबरमध्ये बसणारा दुसरा वकील किंवा फर्ममधला भागीदार यांचे काय, याची स्पष्ट तरतूद त्यात नाही.

पहिल्या प्रश्नाला इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने 1998 च्या अखेरीस दिलेला निकाल उपयोगी पडतो. ब्रुनेईच्या राजपुत्राचे दाव्याचे काम केलेल्या केपीएमजी या हिशेबनिसांच्या फर्मने पुढे त्याच्या व्यवहारांच्या चौकशीचे काम घेतले आणि आतल्या आत माणसे वेगळी केली. न्यायालयाला ती तटबंदी पुरेशी वाटली नाही. कसोटी अशी ठरली : जुन्या अशिलाची गोपनीय आणि आताच्या कामाला लागू पडणारी माहिती हाती असेल, तर ती फुटण्याचा धोका काल्पनिक नसून खरा आहे का, एवढेच पाहायचे. धोका नाही हे दाखवण्याचे ओझे फर्मवर. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण आपला नियम 24 आणि कलम 132 एकत्र वाचले तर रस्ता त्याच दिशेला जातो.

दुसऱ्या प्रश्नाला तालुक्याच्या वकिलांचे उत्तर बऱ्याचदा असे असते : ‘मी नाही घेत, शेजारच्या टेबलावर द्या.’ एकच कारकून, एकच कपाट आणि एकच प्रिंटर असेल, तर ते शेजारचे टेबल नव्हे, तेच ऑफिस आहे. आपल्या चेंबरमधल्या माणसाचे नाव सुचवणे या पत्रात बसत नाही. बाहेरच्या कोणा एकाचे नाव देणेही टाळावे. तालुका विधी सेवा समितीचा पत्ता देता येतो, म्हणजे निवड अशिलाची राहते.

या आढाव्यातून माझे मत असे झाले आहे, की नकाराचे पत्र प्रसंग आल्यावर लिहायचे नसते. प्रसंगी लिहिलेल्या पत्रात प्रसंग उमटतो. ते एकदाच शांतपणे तयार करून छापून ठेवावे, नोंदवहीच्या पहिल्या पानाला लावावे आणि प्रत्येक नकाराला, मग कारण कितीही क्षुल्लक असो, शब्द न बदलता तेच पाठवावे. गुरुवारच्या गृहस्थांच्या हाती पडलेले पत्र मंगळवारी नाकारलेल्या चेकच्या केसवाल्याच्या पत्रासारखे हुबेहूब असेल, तरच सोमवारच्या बाई सुरक्षित राहतील.